पाच सवालांची चिठ्ठी

अड्याळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी आठ वर्षे डॉक्टरांच्या हाताखालचा स्टॉकमन होतो. मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस मी आणि मलमपट्टी करणारा एक ड्रेसर. सरकारी कागदावर माझे पद काहीही असो, खेड्यांतली माणसे मला डॉक्टरसाहेबच म्हणत आणि मीही कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

आसपासच्या खेड्यांत तेव्हा फोन नव्हते. निरोप यायचा तो एसटीच्या कंडक्टरच्या खिशातून. जंगलाच्या बाजूच्या एका गावी, जिथे गावापेक्षा तलाव मोठा होता, एक मुक्कामी गाडी जायची. ती सकाळी सहाला तिथून निघून नऊच्या सुमारास अड्याळहून भंडाऱ्याकडे जाई आणि संध्याकाळी पाचला परत येई. सकाळी कंडक्टर दवाखान्यात चिठ्ठी टाके, संध्याकाळी उत्तर घेऊन जाई. त्या उत्तरावर काही विचारायचे असले तर पुन्हा दुसऱ्या दिवशीचे नऊ. म्हणजे एका प्रश्नाला चोवीस तास लागत. हा हिशेब मला पाठ होता आणि तरीही त्या दिवशी तो माझ्या ध्यानात आला नाही.

चिठ्ठ्यांचा एक सर्वसाधारण ताप असा, की त्या कधी एका गोष्टीसाठी येत नसत. दोन आण्यांचा कागद आणि कंडक्टरचे उपकार एका सवालासाठी कशाला खर्चायचे, असा विचार असावा. घरातला प्रत्येक माणूस आपापले काही जोडून देई. कोंबड्यांपासून सुरुवात होई आणि शेवटी म्हशीचे काही जिवावरचे निघे. मी यावर एक उपाय काढला होता. मी मुद्द्यांना आकडे घालून उत्तर देई. पहिल्याचे पहिले, दुसऱ्याचे दुसरे. तालुक्याच्या कचेरीत पत्रांना अशीच उत्तरे लिहितात हे मी पाहिले होते. मोठ्या डॉक्टरांनी एकदा माझे उत्तर वाचून मान डोलावली होती, तेव्हापासून तर मला त्या आकड्यांचा भारीच अभिमान झाला.

ती चिठ्ठी आली तो अड्याळच्या बाजाराचा दिवस होता, दिवाळीच्या चार दिवस आधीचा. हलक्या धानाची कापणी सुरू होती. बाजाराच्या दिवशी माणसे बाजाराला येताना दुखणाईत जनावरेही घेऊन येत, त्यामुळे आवारात सकाळपासून पंधरा-वीस बैल उभे. मी चिठ्ठी खिशात टाकली ती दुपारी दोनला, जेवताना उघडली.

लिहिणारा माझ्या ओळखीचा होता. पाच एकरांचा धानाचा शेतकरी, चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर टपोरे. त्याच्या बैलाच्या खांद्याला उन्हाळ्यात जू लागून जखम झाली होती, तेव्हा मी एक पिवळे मलम दिले होते. चिठ्ठी अशी होती. एक, कोंबड्यांना मानमोडीची सुई द्यायला तुम्ही कधी येता. दोन, आमचा कुत्रा पोळ्यानंतर घर सोडून गेला, राखणीला चांगल्या जातीचे पिल्लू सरकारातून मिळते काय. तीन, गाय माजावर येते पण ठरत नाही, मोठ्या जातीचे बीज भरायला कोणत्या दिवशी आणावी. चार, धवळ्या बैल काल सकाळपासून धानाचे तणस तोंडात घेतो पण गिळत नाही, लाळ गाळतो, सारखा हंबरतो, आवाज घोगरा झाला आहे, गळ्यात काही अडकले म्हणून हात घालून पाहिले तर काही लागले नाही, कोणते औषध पाजावे. पाच, खांद्यासाठी दिलेले पिवळे मलम माणसाच्या हाताला चालते काय.

मी वैतागलो. कुत्र्याचे पिल्लू सरकारातून! जेवता जेवता डाव्या हाताशी कागद घेतला आणि आकडा घालून सुरुवात केली. एक, कोंबड्यांची लस बर्फात आणावी लागते, दिवाळीनंतर येतो, तोवर नवी कोंबडी घरात आणू नका. दोन, हा जनावरांचा दवाखाना आहे, इथे कुत्री पाळत नाहीत. हे लिहून मला थोडे बरे वाटले. तीन, गाय संध्याकाळी माजावर दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणा, सकाळी दिसली तर त्याच दिवशी संध्याकाळी. चार म्हणून आकडा घातला आणि विचार करू लागलो.

लाळ गळते म्हणजे पहिल्यांदा खुरकूत डोक्यात येते. पण खुरकुतीत तोंडात फोड असतात, जनावर पायाने लंगडते, आणि हात घालून पाहणाऱ्याला फोड दिसले असते. घटसर्प म्हणावा तर गळा बाहेरून सुजतो, ताप सणकून चढतो आणि जनावर हंबरायलाही शिल्लक राहत नाही. गळ्यात काही अडकले म्हणावे तर पोट फुगायला हवे. शिवाय अडकल्याने बैल सारखा हंबरत नाही. घोगरा आवाज आणि सारखे हंबरणे या दोन गोष्टींशी माझा हात थांबला. मी पुन्हा वर गेलो. दोन नंबर वाचला. कुत्रा पोळ्यानंतर घर सोडून गेला.

घरचा, राखणीचा कुत्रा घर सोडून कसा जाईल?

दोन आणि चार हे वेगवेगळे सवाल नव्हते. ज्याने लिहिले त्याला ते वेगळे वाटले, कारण एक राखणीचा होता आणि एक औषधाचा. पोळ्याला सात आठवडे झाले होते. कुत्रा पिसाळला असेल, जाण्याआधी बैलाला चावला असेल, तर बैल आता दिवाळीला पिसाळायचा. आणि पिसाळलेला बैल कुत्र्यासारखा अंगावर येईलच असे नाही. बरेचदा तो नुसता लाळ गाळतो, गिळता येत नाही, आणि माणसे समजतात काही अडकले. मग मायेने तोंडात हात घालतात. आमच्या धंद्यात ही चूक नवी नव्हती. एका जुन्या स्टॉकमननेही ती केली होती, ते मला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच सांगण्यात आले होते.

ताट तसेच राहिले. लिहिलेला कागद फाडला. आकड्यांचा मोह सोडायला हवा होता एवढे मला कळले. पाचही उत्तरे पाठवली असती तर तो माणूस कोंबड्यांचे पहिले वाचून समाधानाने कापणीला गेला असता. कोंबड्या, पिल्लू, गाय यांना रजा दिली. बैलाला काय पाजावे याचे खरे उत्तर म्हणजे काहीच पाजू नका. ते पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहिले. बैलाला दूर, मजबूत दोराने बांधा, तोंडाजवळ जाऊ नका, औषध पाजू नका. ज्यांचे हात लाळेला लागले असतील त्यांनी साबणाने, भरपूर पाण्याने, बराच वेळ धुवावे. मेल्यास कातडे काढू न देता खोल पुरावे.

आणि मग उलट विचारायचे ते. मी तीनच प्रश्न लिहिले. कुत्रा जाण्याआधी कसा वागत होता? तो कोणाला चावला? आणि तिसरा, मला अजून अक्षरन् अक्षर आठवतो: ‘तुम्ही बैलाच्या तोंडात हात घातला तेव्हा तुमच्या हाताला जखम होती काय? असेल तर उद्याच्या गाडीने या, भंडाऱ्याला सुया घ्याव्या लागतील.’

पाचव्या सवालाकडे मी दुर्लक्ष केले असे नाही. उलट तो चौथ्याला जोडला म्हणून स्वतःवर खूश होतो. कापणीच्या दिवसांत त्या भागात निम्म्या हातांना विळ्याच्या जखमा असतात. मलम याला विळा लागला म्हणून हवे आहे, आणि याच हाताने याने बैलाचा गळा चाचपला, असा सरळ निष्कर्ष मी काढला. टपोरे अक्षर त्याचे होते, म्हणून हातही त्याचाच असणार.

सायकल काढून त्याच दिवशी का गेलो नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. आवारात जनावरे उभी होती हे खरे आहे. पण चिठ्ठीचे उत्तर चिठ्ठीने द्यायचे ही सवय झाली होती, हे जास्त खरे आहे. पाचला कंडक्टरच्या हातात कागद दिला आणि सांगितले, घरी नेऊनच द्या.

दुसऱ्या दिवशी नऊला तो स्वतः उतरला. डोक्याला दुपट्टा, हातात कपड्यांची पिशवी. भंडाऱ्याला राहायच्या तयारीने आला होता. बोलावले त्या दिवशी माणूस येतो याचे मला बरे वाटले.

“कुत्र्याचं सांगा आधी,” मी म्हणालो.

“थो चार दिस कोनाले जवळ येऊ देत नोयता जी. तनसाच्या ढिगात बसून राहे. धवळ्याच्या नाकाडाले चावला. आमी म्हटलं, गव्हानीत तोंड घालून राह्यला असन म्हनून चावला. मंग गेला, तो गेलाच.”

“माणसाला कोणाला?”

“नाही जी.”

“बैल?”

“मांगचे पाय लटलट करून राह्यले. आजचा दिस काढत नाही तो.”

मी म्हणालो, “हात दाखवा.”

त्याने दोन्ही हात पुढे केले. धानाच्या शेतकऱ्याचे हात, पंजा रुंद, तळव्याला घट्टे, बोटे जाड. मी उलटसुलट करून पाहिले, नखांच्या कडा पाहिल्या. कुठे ओरखडाही नव्हता.

“जखम कुठं आहे?”

“मले नाही जी जखम.”

“मग मलम कोणाला पाहिजे होतं?”

त्याने दुपट्टा काढून पुन्हा बांधला. सरळ प्रश्नाला माणूस अशी टाळाटाळ करू लागला की माझा पारा चढतो. मी आवाज चढवून विचारले, “बैलाच्या तोंडात हात कोणी घातला?”

“माहा हात जात नाही जी गळ्यात. मी जबडा धरलो होतो.” मग खाली पाहत म्हणाला, “तिचा हात बारीक आहे.”

ती म्हणजे त्याची बायको. सारे सावकाश बाहेर आले. तिने बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या होत्या. दिवाळीच्या नव्या, काचेच्या, दोन्ही हातांत डझनभर. बैलाने जबडा आवळला, बांगड्या मनगटावर घसरल्या आणि तोंडातच फुटल्या. काच मनगटात गेली. आता सणाच्या तोंडावर बाईच्या हातच्या बांगड्या फुटल्या हे कोणी बोलत नाही. फुटल्या असे म्हणायचेच नाही, वाढवल्या म्हणायचे, आणि तेही आपण होऊन उतरवल्या तर. त्याने चिठ्ठीत ते लिहिले नाही. नवऱ्याच्या हाताने ती अक्षरे कशी लिहिली जावीत? माझे उत्तर घरात वाचून दाखवले तेव्हाही तो तिसऱ्या प्रश्नाशी अडला नाही, कारण मी विचारले होते, तुमच्या हाताला जखम होती काय. त्याच्या हाताला नव्हती. तरी साहेबाने बोलावले आहे म्हणून, जबडा धरला म्हणून, तो सुया घ्यायला आला होता.

“ती कुठं आहे?”

“धान कापून राह्यली.”

मला स्वतःचा इतका राग आला की तो त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. तरी थोडा काढलाच. ड्रेसरला दवाखाना सांभाळायला सांगितला, शेतकऱ्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवले आणि निघालो. गाडी गावागावांतून फिरून जाई, सायकलचा रस्ता सरळ दहा मैलांचा, निम्मा शेतांमधल्या पांदणीचा. वाटेत तो दोनदा म्हणाला, “मी चालवतो जी,” आणि दोनदा मी नाही म्हणालो. खरे तर मला दम लागला होता.

बाई बांधीत होती. बांधी म्हणजे आमच्याकडचे धुऱ्यांनी बांधलेले धानाचे वावर. उजव्या हातात विळा आणि मनगटाला लुगड्याची चिंधी. मला पाहून तिने पदर सावरला. चिंधी सोडायला सांगितली तर नवऱ्याकडे पाहिले. त्याने मान हलवली. आडव्या तीन जखमा, दोन उथळ, एक खोल आणि कडांना लाल. तिने त्यावर हळद भरली होती. मी विहिरीवर नेऊन घड्याळ लावून साबणाने धुवायला लावले. आधी तिला, मग त्याला. ती म्हणाली, “कालबी धुतलं जी, पाहा ना. चिठ्ठीत होतं म्हनून.” म्हणजे माझ्या चिठ्ठीतले एक वाक्य तरी योग्य माणसापर्यंत गेले होते.

मी सांगितले, उद्या सकाळच्या गाडीने दोघांनी भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात जायचे. पोटात चौदा सुया, रोज एक, चौदा दिवस. एकही चुकवायची नाही.

“चौदा दिस?” ती म्हणाली. “मंग धान कोन कापन? गळून जाईन ना सारं.”

मी एरवी गोल गोल बोललो असतो. त्या दिवशी सरळ बोललो. “बाई, हा रोग माणसात उठला की औषध नाही. जगातला कोणताच डॉक्टर काही करू शकत नाही. सुई आधी घ्यायची असते. धान पुन्हा पिकंल.”

तिने विळा धुऱ्यावर ठेवला. बाजूच्या बांधीतली तिची जाऊ जवळ आली आणि म्हणाली, “जाय ना बाई. आमी कापतो.” तेवढ्यावर ते ठरले.

धवळ्या गोठ्यामागे चिंचेला बांधलेला होता. त्याला पाहताच शंका उरली नाही. मान ताणून हंबरत होता आणि आवाज निम्म्यातच विरत होता. दिवस बुडता बुडता तो गेला. पोळ्याला ज्याला झूल घातली होती त्याला दोन पुरुष खोल खड्ड्यात मीठ टाकून पुरताना तो माणूस रडला. ती गोठ्याच्या दाराशी उभी होती. मनगट दुसऱ्या हाताने धरून.

मुक्कामी गाडीच्या टपावर सायकल टाकून सकाळी मी त्यांच्याबरोबरच निघालो. भंडाऱ्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली ती धावत्या गाडीत. आकडे घातले नाहीत. पहिले वाक्य होते: ‘जखम बाईच्या उजव्या मनगटाला आहे, पिसाळलेल्या बैलाच्या तोंडात काच लागून, आज चौथा दिवस.’ नवऱ्याचे खाली, एका ओळीत. बाकी काही नाही.

दोघांनी चौदा सुया घेतल्या. तिथे कोणा नात्यातल्याच्या पडवीत राहिले. दिवाळी तिथेच झाली. सुया घेतल्या म्हणजे सुटलो असे मात्र नव्हते. तीन दिवस उशीर झाला होता, त्यातला एक पूर्ण दिवस माझा होता. पहिले काही महिने त्या गावची गाडी दारात थांबली की मी हातातले काम सोडून बाहेर येई. कंडक्टरने चिठ्ठी काढली की आधी अक्षर पाही. टपोरे असले तर बसून वाची. कोंबड्यांचे निघाले की जीव भांड्यात पडे. मानमोडीची सुई द्यायला मी दिवाळीनंतर गेलो नाही. त्यांना तोंड दाखवायला नको म्हणून ड्रेसरला पाठवले. हे काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, बाजाराच्याच दिवशी, ती दवाखान्याच्या आवारात आली. नवरा नव्या बैलाला नाल ठोकायला घेऊन गेला होता. ती चिंचेखाली उभी राहिली, मग पायरीपर्यंत आली. मी उठलो. बाई धडधाकट होती. मी विचारले, “गाय ठरली का?”

“ठरली जी. कोंबड्याबी बऱ्या आहेत. पिल्लू भेटलं, मामाच्या गावचं.” मग नवरा गेला त्या दिशेला मान करून म्हणाली, “चिठ्ठीतले चार सवाल याईचे होते. पाचवा माहा होता. कागदाची घडी घालून राह्यले होते हे, तवा मी चुलीपासून म्हटलं, एवढं तरी इच्यारा.”

मी बसायला स्टूल पुढे सरकवले.

“तुमी उत्तर याईले देल्लं,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. बाजारात काही विसरले तर माणूस सांगतो तसे सांगत होती.

पाच सवालांत कोंबड्या होत्या, कुत्रा होता, गाय होती, बैल होता. दुखणाईत माणूस एकाच सवालात होता. तो शेवटी लिहिला होता आणि त्यात नाव नव्हते, म्हणून मी त्याला दुसऱ्याचे नाव दिले. मलम कोणाला पाहिजे, एवढे विचारले असते तरी पुरते.

तिने हात पुढे केला. नव्या हिरव्या बांगड्यांच्या वर तीन पांढरे वण होते.

“मंग सांगा ना,” ती म्हणाली, “चालते काय ते मलम?”

“चालते,” मी म्हणालो. “आधी धुवायचं.”

तिने मान हलवली आणि बैलाकडे गेली.